वजन उतरलं आणि गाल बसले: आधी काय ओळखायचं, मग काय करायचं

पंचवीस-तीस किलो वजन उतरवलेल्या माणसाला मालवण-कुडाळकडे पहिला प्रश्न ऐकू येतो तो अभिनंदनाचा नसतो. "गो, बरी आसस मां?" असं काळजीनं विचारलं जातं. कमरेचा घेर गेला, गुडघे दुखायचे थांबले, साखर ताब्यात आली, पण चेहरा आजाऱ्यासारखा दिसतो. कानशिलं खोल गेलेली, गाल बसलेले, जबड्याच्या कडेला कातडी ओघळलेली. आहार, शस्त्रक्रिया किंवा हल्लीची वजनाची इंजेक्शनं, वाट कुठलीही असली तरी चेहऱ्यावर होतं ते एकच.

चेहऱ्यावरची चरबी सलग थर नसते. कानशिलात, गालाच्या उंचवट्यावर, डोळ्यांखाली, जबड्याजवळ तिच्या वेगवेगळ्या गाद्या असतात. वजन उतरताना त्या आटतात. वरची कातडी मात्र मोठ्या चेहऱ्याच्या मापाची असते. विशीत ती बऱ्यापैकी आवळून येते. चाळिशीनंतर, वर्षानुवर्षं उन्हात काम केलेलं असेल किंवा विडी-सिगारेट ओढलेली असेल, तर ती तेवढी आवळत नाही. म्हणून एकाच वेळी दोन गोष्टी घडतात: खड्डा पडतो आणि कातडी सैल होते. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पैसे वाया जातात ते बहुतेक इथेच, खड्ड्याचा उपाय सैल कातडीवर केल्यामुळे.

सुरुवात आरशापासून

सकाळी खिडकीशी असं बसा की उजेड एका बाजूनं येईल. चेहरा धुतलेला, मेकअप नाही, केस मागे. हातात आरसा धरून आधी ताठ बसून बघा. मग उताणं झोपा आणि आरसा चेहऱ्यावर धरा. झोपल्यावर सैल कातडी कानांकडे सरकते. तेवढ्यानं चेहरा पुष्कळ बरा दिसला, जबड्याची कड स्पष्ट झाली, तर तुमची मुख्य अडचण सैलपणाची आहे. झोपूनही कानशिलातला आणि गालाच्या हाडाखालचा खळगा तसाच राहिला, तर अडचण भराव कमी झाल्याची आहे. चाळिशीपुढे बहुतेकांत दोन्ही सापडतं. प्रश्न असतो जास्त कुठलं, एवढाच.

दुसरी खूण बोटांची. कानाच्या पुढे दोन बोटं टेकवून कातडी जेमतेम एक सेंटिमीटर वर आणि मागे ओढा. "मला हेच हवंय" असं वाटलं, तर ते काम फिलरच्या, म्हणजे खड्डा भरून काढणाऱ्या इंजेक्शनच्या सुईनं होणार नाही हे आत्ताच लिहून ठेवा.

त्याच दिवशी फोटोही काढून ठेवा. दुसऱ्या कुणाला तरी साधारण दीड मीटरवरून, डोळ्यांच्या उंचीवर, मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यानं काढायला सांगा. समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक. सेल्फीवर चेहरा जोखू नका. हातभर अंतरावरून नाक मोठं आणि चेहऱ्याच्या कडा आत गेलेल्या दिसतात, म्हणजे आधीच बसलेला चेहरा आणखी बसलेला. दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा फोटो.

एक गोष्ट मध्येच, पण टाळण्यासारखी नाही. वजन ठरवून उतरवलेलं नसेल, आपोआप उतरत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. मधुमेह, थायरॉइड, क्षयरोग अशी कारणं आधी तपासून घ्यावी लागतात.

वजन थांबेपर्यंत थांबा

वजन अजून उतरत असताना चेहऱ्यात काही भरलं, तर दोन महिन्यांत शेजारची चरबी आणखी आटते आणि भरलेला भाग उंचवट्यासारखा उठून दिसतो. निदान तीन महिने वजन दोन किलोच्या आत-बाहेर राहिलं की मग फिलरचा विचार करावा. शस्त्रक्रियेसाठी सहा महिने धरावेत. या काळात चेहरा थोडा स्वतःहूनही सावरतो. ओढलेला, थकलेला भाव कमी होतो, कारण पाणी आणि खाणं ताळ्यावर येतं.

खाण्यात प्रथिनं मोजा. किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम हा साधा हिशेब आहे. 66 किलोच्या बाईला दिवसाला 66 ते 82 ग्रॅम. दोन अंड्यांत 12, दुपारच्या दीडशे ग्रॅम साफ केलेल्या बांगड्यात 28 च्या आसपास, रात्री 40 ग्रॅम कुळथाच्या पिठाच्या पिठीत 9, वाटीभर दह्यात 5, बाकीचं डाळ-भाकरीतून. श्रावणात किंवा मार्गशीर्षात मासे बंद झाले की हा हिशेब कोसळतो. तेव्हा पनीर, मूग, चवळी वाढवावी लागते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे आकडे डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. अपेक्षाही नीट ठेवा. प्रथिनांनी गाल भरत नाहीत. पण ती कमी पडली तर अंगाचे स्नायू झिजतात, केस गळतात, आणि विरळ केसांखाली बसलेली कानशिलं उघडी पडतात. झपाट्यानं वजन उतरल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात आणि सहसा सहा महिन्यांत थांबतात. तोवर केसांवर महागडे उपचार सुरू करायची घाई नको.

याच काळात दातांच्या डॉक्टरकडे जाऊन या. ही पायरी जवळजवळ सगळे चुकवतात. मागच्या दाढा काढून बरीच वर्षं झाली असतील तर तिथलं जबड्याचं हाड झिजतं आणि गालाला आतून आधार राहत नाही. लठ्ठपणात ते झाकलेलं असतं, बारीक झाल्यावर दिसू लागतं. कवळी असेल तर तीही आता सैल बसत असणार. नीट बसवलेल्या दातांनी ओठ आणि गालाचा खालचा भाग उचलला जातो. म्हणून आधी दात, मग फिलर. उलट केलं तर फिलरचा अंदाज चुकतो.

कातडीसाठी रोजचं

सनस्क्रीन, एसपीएफ 30 किंवा जास्त. प्रमाण सोपं आहे: तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत दोन रेघा, एवढं चेहरा आणि मानेला. बंदरावर, बागेत किंवा स्कूटरवर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा, कारण घामानं ते उतरतं. पावसाळ्यात ढगांतूनही अतिनील किरण येतात.

रात्री ट्रेटिनॉइन 0.025 टक्के, वाटाण्याएवढं, पूर्ण चेहऱ्याला मिळून. पहिला महिना आठवड्यातून दोनदाच. कातडी लाल होऊन सोलू लागली तर थांबा आणि मॉइश्चरायझर लावून मग पुन्हा सुरू करा. हे त्वचारोगतज्ज्ञाच्या चिठ्ठीनं घ्यायचं औषध आहे, गरोदरपणात वर्ज्य. तीन ते सहा महिन्यांत बारीक सुरकुत्या कमी दिसतात, पण ओघळलेला गाल वर येत नाही. बाजारात मिळणाऱ्या गोरं करणाऱ्या क्रीमच्या ट्यूबवर घटक वाचा. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल असं काही लिहिलेलं असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. महिनोन्‌महिने लावल्यास ते कातडी आणखी पातळ करतं, आणि तुमची कातडी पातळ होणं आता परवडणारं नाही.

चेहऱ्याच्या व्यायामाबद्दल हमखास विचारतात. 2018 मध्ये अमेरिकेत एक छोटा अभ्यास छापून आला. वीस आठवडे व्यायाम, सुरुवातीला रोज अर्धा तास; गाल किंचित भरल्यासारखे दिसले. पण शेवटपर्यंत टिकल्या जेमतेम 16 बायका. करायचा तर करा, नुकसान नाही. फार आशा धरू नका.

केस, चष्मा, दागिने, मेकअप

फरक सगळ्यात लवकर इथेच पडतो, तोही स्वस्तात.

घट्ट ओढून बांधलेला अंबाडा सोडा. त्यात कानशिलाचा खड्डा आणि कानापुढची सैल कातडी दोन्ही उघडी पडतात. भांग मधोमध न काढता थोडा बाजूला काढा. कानावरचे केस जरा सैल सोडून अंबाडा मानेच्या वर, मध्यावर घाला, गजराही तिथेच. फार खाली बांधलेला अंबाडा नजर मानेकडे नेतो. केस कापणार असाल तर पुढची बट गालाच्या हाडापर्यंत किंवा हनुवटीच्या जरा खाली येईल अशी ठेवा. नेमकी जबड्याच्या ओघळाशी संपणारी बट त्या ओघळाखाली रेघ मारल्यासारखी दिसते. पुरुषांनी तीन ते पाच मिलिमीटर दाढी ठेवली तर जबड्याची कड पुन्हा आखल्यासारखी होते. लांब, टोकदार दाढी मात्र बसलेला चेहरा आणखी लांब करते.

चष्म्याची फ्रेम बदला. वजन उतरल्यावर जुनी फ्रेम कानशिलांच्या बाहेर जाते, आणि चेहरा आक्रसल्यासारखा दिसण्याचं ते मोठं कारण असतं. नवी फ्रेम चेहऱ्याच्या रुंदीइतकीच, वरची कड ठळक असलेली घ्या. खालची कड डोळ्यांखालच्या खळग्यावर आली तर तो झाकला जातो.

कानातले जड झुबे नकोत. कानाच्या पाळीतली चरबीही आटलेली असते. भोक खाली लांबतं आणि सगळा चेहरा खाली ओढल्यासारखा दिसतो. मोत्याच्या कुड्या चांगल्या, वर बुगडी असेल तर फारच चांगलं, कारण नजर वर जाते. भोक फारच लांबलं असेल तर भूल देऊन पाळी शिवता येते आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा टोचता येते. मान सैल असेल तर गळ्याशी घट्ट बसणारी चिंचपेटी टाळा, तिच्या वर कातडीची घडी येते. मोहनमाळ किंवा लक्ष्मीहारासारखं लांब काही घाला.

मेकअपमध्ये लग्नाच्या ब्युटिशियनची सवय असते ती गालाखाली गडद कॉन्टूर मारण्याची. तिला स्पष्ट सांगा, कॉन्टूर नको. भरलेल्या गालाला तो आकार देतो, बसलेल्या गालात मात्र खड्डा रंगवून ठेवतो. त्याऐवजी कानशिलाच्या आणि गालाखालच्या खळग्यात त्वचेपेक्षा अर्ध्या छटेनं उजळ, चमक नसलेला कन्सीलर बोटानं थोपटून लावा. ब्लश गालाच्या उंचवट्यावर, बाहेर आणि वर. डोळ्यांखाली आधी पीच रंगाचा करेक्टर, अगदी पातळ. जाड थर दिला तर मे महिन्याच्या घामात अर्ध्या तासात घड्यांमध्ये साचतो. प्रत्येक थरानंतर टिश्यू दाबून घ्या, पावडर फक्त नाकावर आणि कपाळावर. फोटोग्राफरला डोक्यावरचा दिवा टाळून समोरून उजेड द्यायला सांगा. मांडवातला वरचा दिवा धडधाकट माणसालाही आजारी करून टाकतो.

सुई आणि शस्त्रक्रिया

खड्डा असेल तर हायल्युरॉनिक ॲसिडचे फिलर. एक सिरिंज म्हणजे एक मिलिलिटर, चमच्याचा पाचवा भाग. मोठं वजन उतरलेल्या चेहऱ्याला एक सिरिंज समुद्रात थेंब असते. दोन ते चार लागतात, पण एकाच बैठकीत सगळं भरू नये. शहराप्रमाणे आणि कंपनीप्रमाणे सिरिंजला साधारण 20 ते 35 हजार रुपये. जागेनुसार सहा ते अठरा महिने टिकतात. मोठा फायदा असा की हायल्युरोनिडेज नावाच्या औषधानं ते विरघळवता येतात. पॉली-एल-लॅक्टिक ॲसिडसारखी दुसरी इंजेक्शनं हळूहळू कोलॅजन वाढवतात, दोन-तीन बैठका लागतात, परिणाम महिन्यांनी दिसतो. ती विरघळवता येत नाहीत, म्हणून पहिल्यांदाच करणाऱ्याने तिथून सुरुवात करू नये असं आमचं मत. स्वतःची चरबी काढून भरण्याचाही मार्ग आहे. त्यातली बरीच शोषली जाते, आणि पुढे वजन पुन्हा हललं की तीही हलते.

सैलपणा जास्त असेल तर फिलर भरभरून तो उचलायचा प्रयत्न करू नका. गाल फुगतात, चेहरा उशीसारखा होतो आणि ओघळ तिथेच राहतो. कातडीखाली घालून ओढायच्या धाग्यांनी थोडीशीच उचल मिळते, तीही वर्षाच्या आत उतरते, आणि पातळ कातडीत धागा बाहेरून दिसू शकतो. ध्वनिलहरींनी कातडीला आतून उष्णता देणाऱ्या हायफू नावाच्या यंत्राचा तर पातळ चेहऱ्यावर उलटा धोका आहे: खोल मारलं तर उरलेली चरबीही आटते. खरा सैलपणा जातो तो फेसलिफ्टनं, म्हणजे सैल कातडी ओढून बसवणाऱ्या शस्त्रक्रियेनं. व्रण कानाभोवती येतो, सूज आणि काळेनिळेपणा दोन-तीन आठवडे राहतो. तंबाखू ओढणाऱ्यांत कानामागची कातडी मरण्याचा धोका वाढतो; निकोटीन निदान चार आठवडे आधी बंद हवं, आणि त्यात मिशरीही आली. वजनाची इंजेक्शनं चालू असतील तर भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगा. त्यांनी पोट सावकाश रिकामं होतं, म्हणून नेहमीचा उपास पुरेसा ठरत नाही.

हे काम एमडी किंवा डीव्हीडी त्वचारोगतज्ज्ञाचं, नाहीतर एमसीएच प्लास्टिक सर्जनचं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. पार्लरमध्ये सुई टोचून घेऊ नका, "बिनसुईचा पेन" म्हणून मिळतो तोही नको. सिरिंजचं खोकं तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि त्यावरचं बॅच क्रमांकाचं स्टिकर घरी आणा.

कोकणातल्या माणसानं एक गोष्ट वेगळी सांभाळायची. कोल्हापूर, पुणे, मुंबई किंवा गोवा, कुठेही केलंत तरी त्याच संध्याकाळच्या गाडीनं परतू नका. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेला तर त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. खुणा अशा: अचानक तीव्र दुखणं, कातडी पांढरी पडणं, किंवा जाळीसारखे निळसर-जांभळे डाग. बोटानं दाबून सोडल्यावर रंग परत यायला वेळ लागतो. नजर धूसर झाली तर मिनिटंही महत्त्वाची. हे बहुतेक वेळा तिथल्या तिथे कळतं, पण काही तासांनीही कळू शकतं, आणि तेव्हा तुम्ही आंबा घाटात किंवा चिपळूणच्या पुढे असाल तर विरघळवणारं औषध जवळ नसतं. रात्र त्याच शहरात काढा. डॉक्टरचा रात्री उचलला जाणारा नंबर घ्या, आणि दवाखान्यात हायल्युरोनिडेज ठेवलेलं आहे का, हे सुई टोचण्याआधी विचारा. टाळाटाळ झाली तर उठून या. बर्फानं कमी होणारी दोन-तीन दिवसांची सूज आणि आठ-दहा दिवसांचा काळानिळा डाग यांना मात्र घाबरू नका.

एक हिशेब मांडून बघू

रत्नागिरीजवळची 47 वर्षांची बाई, दहा महिन्यांत 94 वरून 66 किलोवर आलेली. मुलीचं लग्न मे महिन्याच्या मध्यावर. आत्ता डिसेंबर. खर्चाला 65 हजार. झोपून बघितलं तर कानशिलं आणि गाल खोलच राहतात, जबड्याचा ओघळ निम्मा कमी होतो. म्हणजे खड्डा जास्त, सैलपणा मध्यम.

डिसेंबर ते फेब्रुवारी फक्त वजन स्थिर, प्रथिनं, सनस्क्रीन आणि डाव्या बाजूच्या दोन दाढांचं काम. दातांचं काम आणि फिलर यांत दोन आठवड्यांचं अंतर हवं, म्हणून ते फेब्रुवारीअखेर संपवायचं. दाढांचा खर्च वेगळा, तो दुखण्याखाली धरायचा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापूर, मुक्कामाच्या तयारीनं. एक सिरिंज दोन्ही गालांच्या उंचवट्यांत वाटून, एक कानशिलांत. सिरिंजला 25 हजार धरले तर 50 हजार, प्रवास-मुक्काम चार-पाच हजार, उरलेल्या दहात चष्म्याची फ्रेम आणि केस. डोळ्यांखाली या वेळी काही भरायचं नाही. गाल उचलल्यावर तिथला खळगा पुष्कळदा आपोआप उथळ होतो, आणि त्या पातळ कातडीत चूक झाली तर निळसर सूज महिनोन्‌महिने दिसते.

एप्रिलच्या सुरुवातीला त्याच खिडकीशी पुन्हा फोटो. डावं-उजवं थोडं कमी-जास्त वाटलं तर एप्रिलच्या मध्यापर्यंत डॉक्टरला दाखवायचं. त्यानंतर लग्नापर्यंत सुई नाही, नवं क्रीम नाही, पार्लरचं जोरानं चोळणारं फेशियलही नाही. लग्नाच्या आठ दिवस आधी ब्युटिशियनकडून एकदा पूर्ण मेकअप करून घ्यायचा आणि दुपारी दोनच्या उन्हात अंगणात तासभर बसून बघायचं. जिथे थर फुटेल तिथे तो कमी करायचा. जबड्याचा उरलेला ओघळ या खर्चात जाणार नाही. तो बाजूचा भांग, कुड्या आणि समोरच्या उजेडावर सोपवायचा, आणि फेसलिफ्टचा विचार वजन पुढच्या डिसेंबरपर्यंत टिकलं तर करायचा.